पावणेतीनचा निरोप

सॉफ्टवेअरच्या कामात रोज पंधरा मिनिटांची एक छोटी बैठक होते, तिला स्टँड-अप म्हणतात. पूर्वी टीम एका खोलीत असायची आणि सगळे उभ्यानेच बोलायचे. पाय दुखायला लागले की बोलणं आपोआप आवरतं घ्यावं लागे, त्यावरून हे नाव पडलं. आता माणसं आपापल्या गावी, आपापल्या घरी बसून काम करतात, पण नाव तेच राहिलं आहे. काल काय झालं, आज काय करणार आणि कुणाचं काम कुठे अडलंय, एवढंच त्यात सांगायचं असतं.

या पद्धतीचे जनक जेफ सदरलंड आणि केन श्वाबर यांनी ‘स्क्रम गाइड’ नावाची छोटी पुस्तिका लिहिली आहे. ही बैठक पंधरा मिनिटांची असावी आणि रोज एकाच वेळी, एकाच ठिकाणी व्हावी, असं तिच्यात स्पष्ट सांगितलं आहे. वेळ एकच ठेवायची, कारण मग ती कुणाला लक्षात ठेवावी लागत नाही. जेवण झालं, हात धुतले की पाय आपसूक लॅपटॉपकडे वळतात. म्हणून अशी वेळ बदलणं हे साध्या मिटिंगची वेळ बदलण्याहून अवघड असतं. आठ माणसांच्या अंगात मुरलेली सवय मोडून तिथे दुसरी लावायची असते. हा बदल सांगायचा कसा, हे मी एकदा चुकून आणि एकदा बरोबर करून शिकलो. दोन्ही वेळा वर्ष एकच होतं, २०२५.

आमची टीम आठ जणांची. मी धरून पुण्यात तिघं, नागपूर, कोल्हापूर आणि बेंगळुरूला एकेक, आणि लंडनमध्ये दोघं. भारतातल्या चार शहरांचा आपसात प्रश्न नाही, कारण देशभर घड्याळ एकच. (हेही सहज झालेलं नाही. भारतीय प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ला लागू झाली, पण मुंबईत तिच्या ३९ मिनिटं मागे चालणारी ‘बॉम्बे टाइम’ १९५५पर्यंत टिकून होती. वरून जाहीर झालेली वेळ गळी उतरायला एका शहराला जवळपास पन्नास वर्षं लागली.) अडचण येते ती लंडनशी जुळवताना. ब्रिटनमध्ये मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळ एक तास पुढे करतात आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी परत मागे आणतात. भारतात असं काही नाही. त्यामुळे हिवाळ्यात लंडन आपल्या साडेपाच तास मागे असतं, तर उन्हाळ्यात साडेचार.

२०२५च्या हिवाळ्यात आमची बैठक भारतात दुपारी ३:०० वाजता आणि लंडनमध्ये सकाळी ९:३० वाजता व्हायची. रविवार, ३० मार्चला तिथली घड्याळं पुढे जाणार होती. त्याच दिवशी गुढीपाडवा होता. शनिवारी संध्याकाळी पाडव्याच्या खरेदीहून परत येताना मला हे आठवलं आणि मराठी मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मी घाईघाईत एक ओळ टाकली: “लंडनची वेळ बदलतेय, सोमवारपासून स्टँड-अप एक तास पुढे.”

या एका ओळीत किती चुका होत्या, ते मला मंगळवारी कळलं. मंगळवारी, कारण सोमवारी ईदची सुट्टी होती आणि तीही माझ्या लक्षात नव्हती. लंडनची दोघं सोमवारी साडेनऊला हजर राहून, वाट पाहून उठून गेली.

१ एप्रिलला दुपारी दोनला मी बैठकीत गेलो. बेंगळुरूचा सहकारी होता, लंडनची दोघं होती. बाकी चौघांचा पत्ता नाही. तीन वाजता नागपूरची सहकारी आणि पुण्यातला एक जण आला. चारला पुण्यातली दुसरी आणि कोल्हापूरचा सहकारी आला. आठ माणसं तीन वेगवेगळ्या तासांना येऊन गेली आणि प्रत्येकाला वाटत होतं की आपण वेळेवर आलोय.

मला म्हणायचं होतं की बैठक एक तास लवकर, म्हणजे दोनला. लंडनचं घड्याळ पुढे गेलं, म्हणून मीही ‘पुढे’ लिहून टाकलं. पण मराठीत परीक्षा पुढे गेली, लग्न पुढे ढकललं म्हणजे ते नंतर होणार. घड्याळ पुढे केलं म्हणजे मात्र सगळं लवकर होणार. ‘पुढे’ हा शब्द दोन्हीकडे चालतो. चारला आलेल्या दोघांनी तो वाचला तसाच घेतला होता, त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. तीनला आलेल्यांनी पाडव्याच्या शुभेच्छांच्या गर्दीत माझा निरोप पाहिलाच नव्हता आणि जुन्या सवयीने ती आली. दोनला आलेल्यांनी माझा निरोप वाचायचा प्रश्नच नव्हता, कारण ती त्या ग्रुपवर नव्हती. त्यांना कॅलेंडरने आणलं.

त्या दिवशी नुकसानही झालं. नागपूरच्या सहकारीने आदल्या आठवड्यात डेटाबेसमधल्या एका तक्त्याची रचना बदलली होती आणि ते ती बैठकीत सांगणार होती. चारला आलेली पुण्यातली सहकारी त्याच तक्त्याच्या जुन्या रचनेवर सकाळपासून कोड लिहीत होती. पाच मिनिटं एकत्र भेटली असती तर तिचा दिवस वाचला असता.

आता कॅलेंडरबद्दल. ते आपोआप दोनवर का आलं, हे समजून घेण्यासारखं आहे, कारण वेळबदलाचे निम्मे घोटाळे तिथेच होतात. रोजच्या बैठकीचं आमंत्रण कॅलेंडरमध्ये एकदा तयार केलं की ते दर दिवशी उगवत राहतं. त्या आमंत्रणाच्या पोटात नुसती वेळ नसते, ती वेळ कुठल्या गावची हेही नोंदलेलं असतं. आमचं आमंत्रण लंडनच्या सहकारीने बनवलं होतं, म्हणून ते आतून असं होतं:

```
DTSTART;TZID=Europe/London:20250106T093000
RRULE:FREQ=WEEKLY;BYDAY=MO,TU,WE,TH,FR
```

याचा अर्थ असा की ६ जानेवारी २०२५पासून सोमवार ते शुक्रवार, लंडनच्या घड्याळात साडेनऊ वाजता. लंडनमध्ये ही बैठक वर्षभर साडेनऊलाच राहणार. ब्रिटनने घड्याळ फिरवलं की भारतातली वेळ सरकणार. `Europe/London`च्या जागी `Asia/Kolkata` असतं तर उलट झालं असतं, भारतातली वेळ पक्की राहिली असती आणि लंडनची हलली असती. आमंत्रण कोण बनवतं या योगायोगावर कुणाचा दिवस स्थिर राहील हे ठरत होतं आणि टीमने त्यावर कधी विचारच केला नव्हता. तुमच्या टीममध्ये परदेशातलं कुणी असेल तर आमंत्रण उघडून वेळेशेजारचा टाइम झोन एकदा जरूर पाहा.

उन्हाळाभर आम्ही भारतात दोनला भेटत राहिलो. मग ऑक्टोबर आला. रविवार, २६ ऑक्टोबरला लंडनची घड्याळं मागे येणार होती. काहीच केलं नसतं तर २७ तारखेला बैठक आपसूक भारतात तीनवर गेली असती. पण एव्हाना माणसांचे दिवस बदलले होते. या वेळी मी आधी विचारायचं ठरवलं आणि ग्रुपवर न विचारता प्रत्येकाला वेगळा फोन केला. ग्रुपवर विचारलं की अंगठे उमटतात, आणि अंगठ्याचा अर्थ ‘वाचलं’ असतो, ‘जमेल’ असतोच असं नाही.

कोल्हापूरच्या सहकाऱ्याने ग्रुपवर कधीच तोंड उघडलं नसतं. फोनवरही तो आधी “चालंल की सर, कुठलीबी वेळ चालंल” म्हणाला. मी विचारलं, “तीन वाजता तू कुठे असतोस?” थोडा थांबला. “तीनला चौकात असतोय. लेकीची बस येती तीन-पाचला. पण आईला सांगतो मी, काय नाही त्याचं.” त्याच्या आईचे गुडघे दुखतात हे मला ठाऊक होतं. म्हणजे तीनच्या आत बैठक संपायला हवी. लंडनच्या सहकारीचा मुलगा त्या सप्टेंबरात शाळेत जायला लागला होता. त्याला सोडून ती नऊ वाजता घरी पोचायची, त्यामुळे सव्वानऊच्या आधी तिला शक्य नव्हतं. बाकीच्यांना दोन ते चारमध्ये काहीही चालणार होतं.

लंडनचे सव्वानऊ म्हणजे हिवाळ्यात आपले पावणेतीन. तिथून पंधरा मिनिटं म्हणजे बरोबर तीन. दोन घरांच्या दोन शाळांमध्ये एवढी एकच फट होती आणि बैठक तिच्यात बसवायची होती. बैठक पंधरा मिनिटांच्या वर एक मिनिट जाऊ द्यायची नाही, ही अटही त्यातच आली. वेळ ठरवणं म्हणजे सगळ्यांना सोयीचा तास शोधणं असं मला पूर्वी वाटायचं. प्रत्यक्षात ज्यांना अजिबात हलता येत नाही अशी दोन माणसं शोधली की वेळ जवळजवळ ठरलेली असते. ती दोन माणसं बहुधा सर्वांत कमी बोलणारी असतात, म्हणून फोन करावा लागतो.

आता गंमत बघा. भारतातली बैठक दोनवरून पावणेतीनवर गेली, म्हणजे पाऊण तास उशिरा. लंडनची साडेनऊवरून सव्वानऊवर आली, म्हणजे पाव तास लवकर. एकाच बदलाची दोन शहरांत दिशाही वेगळी आणि मापही वेगळं. ‘पुढे’, ‘मागे’, ‘अलीकडे’, ‘उशिरा’ यातला कुठलाच शब्द आठही जणांना खरा ठरणारा नव्हता. एक तास, पाऊण तास असा फरक सांगायचाच नाही, प्रत्येक शहराच्या घड्याळातली वेळ आकड्यांत लिहायची, हा नियम मी तेव्हा केला आणि तो मोडलेला नाही. आकड्यांतच, कारण पावणेतीन, सव्वानऊ हे शब्द आपल्याला गोड वाटतात, पण बेंगळुरूच्या सहकाऱ्याला ‘पावणे’ म्हणजे कमी की जास्त हे दर वेळी विचारावं लागतं.

त्या वर्षी लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला आणि भाऊबीज २३ला होती. म्हणजे बदलाच्या आधीचा आठवडा माणसं गावी. मार्चमध्ये मी पाडव्याच्या आदल्या संध्याकाळी निरोप टाकला होता, ती चूक पुन्हा करायची नव्हती. म्हणून सोमवारी, १३ तारखेला, सगळे कामावर असताना मी आधी बैठकीतच तोंडाने सांगितलं आणि वीस मिनिटांत लेखी निरोप टाकला. या वेळी व्हॉट्सअ‍ॅपवर नाही, आठही जण असतात त्या कामाच्या चॅनेलवर. तो इंग्रजीत होता. मराठीत असा:

“सोमवार, २७ ऑक्टोबर २०२५पासून स्टँड-अपची नवी वेळ:
पुणे, नागपूर, कोल्हापूर, बेंगळुरू – दुपारी २:४५ ते ३:०० (सध्या २:००)
लंडन – सकाळी ९:१५ ते ९:३० (सध्या ९:३०)
शुक्रवार, २४ ऑक्टोबरपर्यंत जुनीच वेळ.
कारण: २६ तारखेला लंडनची घड्याळं बदलतात, आणि दोन जणांना शाळेच्या वेळा सांभाळायच्या आहेत.
यापुढे बैठकीची वेळ भारताच्या घड्याळाप्रमाणे पक्की राहील. २९ मार्च २०२६नंतर लंडनमध्ये ती १०:१५ला दिसेल.
जुनं आमंत्रण २४ तारखेला संपेल, नवं आजच येईल. ते स्वीकारा.
कुणाला अडचण असेल तर गुरुवार, १६ तारखेपर्यंत मला फोन करा.”

या निरोपातला क्रम मी जाणून ठेवला होता. फोनवर सूचना येते तेव्हा पहिल्या एक-दोन ओळीच दिसतात. तिथे ‘मित्रहो, आपणा सर्वांना कळवण्यात येते की’ असलं काही असेल तर वेळ कुणाला दिसतच नाही. तारीख आणि वेळ आधी, कारण नंतर. पण कारण गाळायचं नाही. दोन घरांच्या शाळांसाठी हे होतंय हे कळल्यावर, बैठक पंधरा मिनिटांत संपवायची जबाबदारी बाकीच्यांनी आपणहून उचलली. कुणाच्या शाळा हे मात्र लिहिलं नाही, ते त्या दोघांनी सांगायचं तर सांगावं. जुनी वेळ कुठल्या दिवसापर्यंत, ही ओळ फालतू वाटते. पण ती नसेल तर उत्साही माणूस दुसऱ्याच दिवशी नव्या वेळेला येऊन बसतो.

आमंत्रणाचं काम लंडनच्या सहकारीने केलं, कारण ते तिचं होतं. अशी मालिका बदलताना कॅलेंडर विचारतं: फक्त ही बैठक, ही आणि यापुढच्या, की सगळ्या? ‘सगळ्या’ निवडलं तर झालेल्या बैठकांच्याही वेळा मागे जाऊन बदलतात आणि गेल्या महिन्यात आपण कधी भेटलो होतो याची नोंद खोटी होते. तिने ‘ही आणि यापुढच्या’ निवडून २७ तारखेपासूनच्या बैठका काढून टाकल्या. मी भारताच्या टाइम झोनमध्ये नवी मालिका सुरू केली. जुनी बंद न करता नवी टाकली असती तर सोमवारी सगळ्यांच्या कॅलेंडरवर दोन बैठका दिसल्या असत्या, एक पावणेतीनला आणि एक तीनला.

कॅलेंडरपलीकडेही त्या वेळेला चिकटलेल्या गोष्टी असतात आणि त्या कुणी सांगितल्याशिवाय हलत नाहीत. आमच्याकडे बैठकीआधी पाच मिनिटं चॅनेलवर आपोआप आठवण पडायची. ती पाठवणारा सर्व्हर ना भारताच्या वेळेवर चालतो ना लंडनच्या, तो जागतिक प्रमाणवेळेवर, म्हणजे यूटीसीवर चालतो. भारत तिच्या साडेपाच तास पुढे. आपले १:५५ म्हणजे तिथले ८:२५, आणि नवे २:४० म्हणजे ९:१०. म्हणून ही ओळ

```
25 8 * * 1-5
```

बदलून अशी केली:

```
10 9 * * 1-5
```

आधी मिनिटं, मग तास आणि शेवटी सोमवार ते शुक्रवार. हे राहून गेलं असतं तर रोज १:५५ला खोटी आठवण आली असती. निरोप कितीही चांगला लिहिलेला असला तरी रोज वाजणाऱ्या घंटेपुढे त्याचं चालत नाही.

गुरुवारपर्यंत एकच फोन आला, नागपूरहून. पावणेतीनला तिची दुसऱ्या टीमबरोबर दर बुधवारी एक बैठक असायची. फोनवर आधी विचारलं तेव्हा तिच्या ध्यानात आली नव्हती, नवं आमंत्रण कॅलेंडरवर आलं तेव्हा दोन्ही एकमेकांवर चढलेली दिसली. तिने त्या टीमला ती तीनला घ्यायला लावली. हरकतीसाठी तीन दिवस ठेवले नसते तर हे पहिल्या बुधवारी कळलं असतं.

भाऊबीज उरकून मंडळी शुक्रवारी, २४ला परतली. जुन्या वेळेची ती शेवटची बैठक. तिच्या शेवटी मी प्रत्येकाला विचारलं, “सोमवारी किती वाजता?” ‘कळलं ना?’ असं विचारलं तर सगळे हो म्हणतात. वेळ बोलायला लावली की कुणाला कळलेलं नाही ते लगेच दिसतं. बेंगळुरूचा सहकारी तीन म्हणाला. त्याने जुनी मालिका आपल्या फोनच्या खासगी कॅलेंडरमध्ये कधीतरी उतरवून घेतली होती. मूळ आमंत्रण बंद झालं तरी ही नक्कल जिवंत होती आणि लंडनच्या घड्याळाने ती २७ तारखेला तीनवर गेली होती. त्याने ती तिथल्या तिथे पुसली.

सोमवारी दुपारी दीडला मी एक शेवटची ओळ टाकली: “आज २:०० नाही, २:४५.” पहिल्या दिवशी ही आठवण जुन्या वेळेच्या आधीच जायला हवी. नव्या वेळेच्या आधी गेली तर तोवर सवयीने माणूस दोनला येऊन, रिकाम्या खोलीत बसून, वैतागून गेलेला असतो.

२:४५ला आठपैकी आठ जण होते. २:५९ला बैठक संपली आणि कोल्हापूरच्या सहकाऱ्याने हात हलवून कॅमेरा बंद केला.

त्या निरोपातली सर्वांत कामाची ओळ कुठली, हे मला पुढच्या मार्चमध्ये कळलं. बैठक भारताच्या घड्याळाला बांधलेली होती. लंडनमध्ये ती सव्वानऊवरून सव्वादहावर गेली आणि ते त्यांना पाच महिने आधीच सांगितलेलं होतं. २९ मार्च २०२६ला ब्रिटनची घड्याळं पुन्हा पुढे गेली. सोमवारी, ३० मार्चला, दुपारी २:४५ला आम्ही आठही जण भेटलो, आणि त्यासाठी कुणालाही निरोप पाठवावा लागला नाही.